फुप्फुसातला ठिपका : मापायचा कसा, थांबायचे किती?

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. माध्यमिक शाळेत गणित शिकवणारे एक गुरुजी पावसात स्कूटरवरून घसरून पडतात. वय ५२, तंबाखू-विडीचे व्यसन कधीच नाही. छातीला मार बसला म्हणून डॉक्टर सीटी स्कॅन करायला सांगतात. बरगड्या शाबूत निघतात, सर्वांना हायसे वाटते. पण अहवालाच्या शेवटी एक ओळ असते : "उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात ७ मिलिमीटरचे घन नोड्यूल. कडा गुळगुळीत. ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा सीटी करावा."

नोड्यूल म्हणजे छोटी गाठ. 'गाठ' हा शब्द ऐकताच घरात चिंता पसरते. गुरुजी डॉक्टरांना विचारतात, "डॉक्टर, हा कर्करोग असेल तर सहा महिने थांबायचे कशाला? आणि नसेल तर पुन्हा बोलावता कशाला?"

हे गुरुजी आपण उदाहरणासाठी कल्पिले आहेत. पण असे अहवाल रोज लिहिले जातात आणि असे प्रश्नही रोज विचारले जातात. गुरुजींचा प्रश्न बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर मात्र तुम्ही आठवी-नववीत शिकलेल्या गोलाच्या घनफळात दडलेले आहे. ते कसे, हे आज आपण पाहू.

ठिपक्याची ओळख

फुप्फुस म्हणजे हवेने भरलेला स्पंजच. त्यात कोठेही छोटा, गोलसर, भोवतालापेक्षा दाट भाग दिसला आणि त्याचा व्यास ३० मिलिमीटरपर्यंत असला, तर त्याला नोड्यूल म्हणतात. त्याहून मोठा असेल तर तो 'गोळा' ठरतो आणि त्याची चौकशी वेगळ्या रीतीने होते.

नोड्यूल हे रोगाचे नाव नव्हे, ते दिसण्याचे नाव आहे. जुन्या क्षयरोगाचा बरा झालेला व्रण, बुरशीच्या संसर्गाची खूण, फुप्फुसातील लहानशी लसीका ग्रंथी, निरुपद्रवी गाठ किंवा कर्करोगाची सुरुवात, यांपैकी काहीही तसे दिसू शकते. ६ मिलिमीटरपेक्षा लहान अशा घन नोड्यूलांत कर्करोग निघण्याचे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे. ६ ते ८ मिलिमीटरच्या नोड्यूलांत ते साधारण अर्धा ते दोन टक्के धरतात. म्हणजे बहुतेक ठिपके निरुपद्रवी असतात. पण सगळेच नसतात. प्रत्येक ठिपक्यात सुई घालून तुकडा काढावा, तर शेकडो निरोगी माणसांची फुप्फुसे विनाकारण टोचली जातील आणि काहींच्या छातीत हवा भरून नवेच दुखणे उभे राहील. शिवाय इतक्या लहान ठिपक्याला सुई नेमकी लागणेही कठीण. म्हणून क्ष-किरणतज्ज्ञ आधी तीन गोष्टी पाहतात : आकारमान, कडा आणि घनता.

आकारमान

गाठ क्वचितच अगदी गोल असते. म्हणून चित्रात ती सर्वांत लांब दिसते तेथे तिची लांबी मोजतात, मग त्या रेषेला लंब अशी सर्वांत मोठी रुंदी मोजतात आणि दोन्हींची सरासरी काढून ती पूर्ण मिलिमीटरमध्ये लिहितात. गुरुजींची गाठ ८ मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर रुंद होती. सरासरी आली ७.

दशांश चिन्ह का नाही? कारण तेवढा अचूकपणा या मापात नसतोच. एकच गाठ दोन तज्ज्ञांनी मोजली, किंवा एकाच तज्ज्ञाने दोन वेगळ्या दिवशी मोजली, तरी मापात एक-दीड मिलिमीटरचा फरक सहज पडतो. रोग्याने श्वास किती खोल घेतला यावरही फुप्फुस कमीजास्त ताणले जाते. म्हणून एक पथ्य पाळतात : व्यासात निदान २ मिलिमीटर वाढ दिसल्याशिवाय 'गाठ वाढली' असे म्हणायचे नाही. हा २ मिलिमीटरचा आकडा ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

कडा

आता गाठीची कड पाहू. काही गाठींची कड गोटीसारखी गुळगुळीत असते. काहींची सीताफळासारखी, फुगवटे आलेली असते. गाठीचे वेगवेगळे भाग कमीजास्त वेगाने वाढले की असे फुगवटे येतात. तिसऱ्या प्रकारात गाठीतून चहूबाजूंना बारीक काटे किंवा किरण निघाल्यासारखे दिसतात. कर्करोगाच्या पेशी आजूबाजूच्या पातळ पडद्यांतून आणि लसीकावाहिन्यांतून पसरू लागल्या, किंवा गाठीने भोवतालचे ऊतक आपल्याकडे ओढून घेतले, की असे काटे उमटतात. म्हणून काटेरी कड दिसली की तज्ज्ञ सावध होतात.

पण केवळ कडेवरून निकाल देता येत नाही. क्षयाचा जुना व्रणही भोवतालचे ऊतक ओढून काटेरी दिसतो. उलट, दुसऱ्या अवयवातील कर्करोग रक्तावाटे फुप्फुसात आला, तर त्याच्या गाठी बहुधा गुळगुळीत आणि गोल असतात. कड संशय वाढवते किंवा कमी करते, एवढेच.

एका आकाराचा मात्र दिलासा मिळतो. फुप्फुसाच्या दोन खंडांमध्ये जी फट असते, तिला चिकटलेली, मसुरीच्या डाळीसारखी चपटी किंवा त्रिकोणी, गुळगुळीत कडेची छोटी गाठ बहुधा लसीका ग्रंथी असते. अशा गाठीसाठी पुन्हा तपासणीची गरज सहसा पडत नाही.

घनता

तिसरी गोष्ट सर्वांत रंजक आहे. सीटीचे यंत्र छातीभोवती क्ष-किरण फिरवते आणि शरीराच्या प्रत्येक बारीक ठोकळ्याने किती किरण शोषले याचा हिशेब संगणकाकडून करवून घेते. १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र काढले. ते यंत्र गॉडफ्रे हौन्सफील्ड यांनी बनवले होते. त्यांना आणि या पद्धतीचे गणित मांडणारे अॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्येक ठोकळ्याला जो अंक मिळतो, तो हौन्सफील्ड यांच्याच नावाच्या एककात सांगतात. पाण्याचा अंक ० आणि हवेचा उणे १०००. हवेने भरलेले फुप्फुस उणे ८५० च्या आसपास, चरबी उणे १०० च्या जवळ, मांस ३० ते ६०, आणि हाड काही शेकडे. आता गाठीत कोणते अंक सापडतात ते पाहा. चरबीचे अंक सापडले तर ती बहुधा निरुपद्रवी गाठ. कॅल्शियमचे मोठे अंक गाठीच्या मधोमध असतील, थरांवर थर असे असतील किंवा साऱ्या गाठीत सारखे पसरलेले असतील, तर तो बहुधा बऱ्या झालेल्या जुन्या संसर्गाचा अवशेष. मक्याच्या फुललेल्या लाह्यांसारखे पुंजके असतील, तर तीही निरुपद्रवी गाठच. मात्र कॅल्शियम एका बाजूलाच असेल किंवा बारीक ठिपक्यांनी विखुरलेले असेल, तर असा निर्वाळा देता येत नाही.

कॅल्शियम नसेल, तर आणखी एक भेद पाहतात. गाठीच्या जागेवरून जाणाऱ्या रक्तवाहिन्या पूर्ण झाकल्या गेल्या असतील, तर ती गाठ 'घन'. न्हाणीघराच्या खिडकीला लावतात त्या दुधी काचेतून पाहावे तशा त्या वाहिन्या अंधूक दिसत असतील, तर ती 'दुधी काचेची' गाठ. आणि दुधी भागाच्या आत एक घन गाभा असेल, तर ती 'मिश्र' गाठ.

येथे एक फसगत होते. समजा, यंत्राने काढलेली चकती ५ मिलिमीटर जाड आहे. तिच्यातल्या एका ठोकळ्यात अर्धा भाग गाठीचे मांस आहे, अंक ४०. आणि अर्धा भाग हवेशीर फुप्फुस, अंक उणे ८६०. यंत्र सरासरी काढून एकच अंक देते : उणे ४१०. हा अंक दुधी काचेचा! म्हणजे लहानशी घन गाठ जाड चकतीत दुधी भासली, तिची कड पुसट झाली आणि मापही चुकले. म्हणून नोड्यूल पाहायचे तर चकत्या १ ते दीड मिलिमीटर जाडीच्याच हव्यात.

दोन लाडवांचे गणित

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. वरच्या तिन्ही खुणा एका क्षणाच्या चित्रातून मिळतात. चौथी खूण, म्हणजे गाठ वाढते की नाही, ही फक्त काळच दाखवू शकतो. पण किती काळ?

घरी एक प्रयोग करा. सारख्या आकाराचे, ५ सेंटीमीटर व्यासाचे कणकेचे दोन लाडू वळा. मग ते एकत्र मळून त्यांचा एकच मोठा लाडू करा आणि त्याचा व्यास मोजा. कणीक दुप्पट झाली, तेव्हा व्यास १० सेंटीमीटर व्हायला हवा, असे क्षणभर वाटेल. प्रत्यक्षात तो जेमतेम ६.३ सेंटीमीटर भरेल. गोलाचे घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून घनफळ दुप्पट व्हायला व्यास फक्त १.२६ पट व्हावा लागतो, कारण १.२६ चा घन जवळजवळ २ आहे.

गाठीतल्या पेशी वाढून तिचे घनफळ दुप्पट व्हायला जितके दिवस लागतात, त्याला 'दुपटीचा काळ' म्हणतात. ही कल्पना १९५६ मध्ये व्हिन्सेंट कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. फुप्फुसाच्या घन कर्करोगात हा काळ बहुधा १०० ते ४०० दिवसांचा असतो. संसर्गाची गाठ त्याहून खूप लवकर, अगदी काही दिवसांतच, दुप्पट होते किंवा विरून जाते. जुना व्रण वर्षानुवर्षे तसाच राहतो.

आता गुरुजींची ७ मिलिमीटरची गाठ घ्या. समजा, तो कर्करोगच आहे आणि दुपटीचा काळ २०० दिवसांचा आहे. एका महिन्याने व्यास होईल सुमारे ७.२ मिलिमीटर, तीन महिन्यांनी ७.८. मापातली चूकच एक-दीड मिलिमीटरची. मग हा फरक ओळखायचा कसा? सहा महिन्यांनी व्यास ८.६ होईल, म्हणजे फरक २ मिलिमीटरच्या जवळ आला. आणि एका वर्षाने १०.७ होईल, तो मात्र कोणालाही दिसेल.

तेव्हा गुरुजींना एका महिन्याने बोलावले असते, तर 'फरक नाही' असे उत्तर मिळाले असते. पण गाठ निरुपद्रवी असो वा घातक, उत्तर तेच आले असते. ज्या मोजणीचे उत्तर दोन्ही बाजूंनी सारखेच येते, ती मोजणी न केल्यासारखीच. वर क्ष-किरणांचा मारा आणि खर्च होतो तो वेगळाच. म्हणून अंतर असे निवडायचे की वाढ असेल तर ती दिसावी, पण तेवढ्या काळात रोग हाताबाहेर जाऊ नये.

अंतरे कशी ठरतात?

छातीच्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांची फ्लाइश्नर सोसायटी नावाची एक संस्था आहे. ती १९६९ मध्ये स्थापन झाली. योगायोगाने सापडणाऱ्या अशा गाठींसाठी तिने २००५ मध्ये मार्गदर्शक अंतरे सांगितली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. एकटी घन गाठ असेल तर त्यांचा सारांश असा :

६ मिलिमीटरपेक्षा लहान गाठ आणि धोका कमी : पुन्हा तपासणीची गरज नाही. धूम्रपानासारखे धोक्याचे कारण असेल, तर वाटल्यास १२ महिन्यांनी एकदा.

६ ते ८ मिलिमीटर : ६ ते १२ महिन्यांनी, आणि त्यानंतर १८ ते २४ महिन्यांनी. धोका कमी असेल तर ही दुसरी तपासणी आवश्यकतेप्रमाणे.

८ मिलिमीटरहून मोठी : ३ महिन्यांनी सीटी, किंवा पेट स्कॅन, किंवा तुकडा काढून तपासणे, यांचा विचार.

या सीमा का? ६ मिलिमीटर व्यासाच्या गोलाचे घनफळ ११३ घन मिलिमीटर आणि ८ मिलिमीटरच्या गोलाचे २६८. व्यासात फरक फक्त २ मिलिमीटरचा, पण ऊतक दुपटीहून अधिक! गाठ मोठी, तेवढी ती घातक असण्याची शक्यता अधिक आणि थांबण्याची किंमतही अधिक. म्हणून अंतर आखूड.

दुधी काचेच्या गाठींचा हिशेब निराळा आहे. त्यांतल्या ज्या कर्करोगाच्या असतात, त्या अतिशय मंद वाढतात. दुप्पट व्हायला कित्येकदा तीन ते पाच वर्षे लागतात. त्यांना दोन वर्षांत निर्दोष ठरवणे म्हणजे वडाचे रोप आठवड्याभरात वाढले नाही म्हणून ते मेले असे समजणे. म्हणून ६ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी दुधी गाठ असेल, तर ती टिकून आहे की विरली हे ६ ते १२ महिन्यांनी पाहतात; आणि टिकली असेल, तर दर दोन वर्षांनी, एकूण पाच वर्षे होईपर्यंत. मिश्र गाठीकडे अधिक काळजीने पाहतात. तिची पहिली तपासणी ३ ते ६ महिन्यांनीच होते. कारण संसर्गाच्या गाठी तेवढ्यात विरतात, आणि न विरणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण मोठे असते. मिश्र गाठीत घन गाभा वाढतो का, यावर विशेष लक्ष ठेवतात.

ही अंतरे सर्वांसाठी नाहीत. पूर्वी कर्करोग झालेला रोगी, प्रतिकारशक्ती खालावलेला रोगी आणि ३५ वर्षांखालील व्यक्ती यांचा विचार वेगळा होतो. शिवाय आपल्याकडे क्षयरोग फार. त्याचे व्रण बहुधा फुप्फुसाच्या वरच्या खंडात असतात आणि कर्करोगही तेथेच अधिक आढळतो. पेट स्कॅनमध्ये क्षयाची सक्रिय गाठ कर्करोगासारखीच उजळते. त्यामुळे अशा देशांतील डॉक्टर ही अंतरे जशीच्या तशी न घेता रोग्याचा इतिहासही तपासतात.

गुरुजींचे पुढे काय झाले?

सहा महिन्यांनी गुरुजी पुन्हा तपासणीला गेले. या वेळी लांबी ८, रुंदी ७. सरासरी साडेसात, म्हणजे पूर्णांकात ८. घरी रडारड सुरू झाली : "सात होती, आठ झाली!"

क्ष-किरणतज्ज्ञ म्हणाले, "गुरुजी, जरा थांबा. मागची तपासणी अपघाताच्या गडबडीत झाली होती. तिच्या चकत्या ५ मिलिमीटर जाड होत्या, आताच्या १ मिलिमीटरच्या आहेत. दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजल्यासारखे झाले."

सुदैवाने पहिल्या तपासणीची मूळ माहिती संगणकात शिल्लक होती. तिच्यातून १ मिलिमीटरच्या चकत्या पुन्हा तयार केल्या आणि दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून मोजली. पहिल्या वेळची गाठही ८ बाय ७ च निघाली! वाढली होती ती गाठ नव्हे. सुधारले होते ते माप.

तरीही सहा महिन्यांवर निकाल देता येत नव्हता. समजा, दुपटीचा काळ ४०० दिवसांचा असता, तर साडेसाताची गाठ सहा महिन्यांत ८.३ झाली असती, आणि एवढा फरक मापाच्या चुकीत लपू शकतो. म्हणून पहिल्या तपासणीपासून २० महिन्यांनी, म्हणजे सुमारे ६०० दिवसांनी, आणखी एक सीटी झाला. आता गुरुजींनी स्वतःच पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. दुपटीचा काळ २०० दिवस असेल तर ६०० दिवसांत तीन दुपटी, घनफळ आठपट, व्यास दुप्पट : १५ मिलिमीटर. दुपटीचा काळ ४०० दिवस असेल तर दीड दुपट, व्यास सुमारे साडेदहा. मोजमाप आले ८ बाय ७. शेजारी शेजारी ठेवलेली तिन्ही चित्रे एकसारखी होती.

दुपटीचा काळ ४०० दिवस किंवा त्याहून कमी असता, तर गाठ निदान ३ मिलिमीटरने वाढली असती. ती वाढली नाही. घन गाठ दोन वर्षांच्या आसपास जशीच्या तशी राहिली, म्हणजे ती जुना व्रण किंवा तत्सम निरुपद्रवी गाठ असावी, असा निष्कर्ष काढून डॉक्टरांनी पुढील तपासण्या थांबवल्या. जाताना ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, या तपासण्यांची सीडी फेकून देऊ नका. पुढे कधी छातीचे चित्र काढावे लागले, तर आधी हीच डॉक्टरांच्या हाती द्या." जुने चित्र हाती असले की गाठ वाढली का, हे पुन्हा सहा महिने न थांबता तिथल्या तिथे कळते.

तुम्ही सोडवा

एका घन गाठीचा व्यास ६ मिलिमीटर आहे. तिचा दुपटीचा काळ १५० दिवस आहे असे माना. ४५० दिवसांनी तिचा व्यास किती होईल? आणि ५० दिवसांनी मोजली, तर २ मिलिमीटरची वाढ दिसेल का? (उत्तर : ४५० दिवसांत तीन दुपटी, म्हणून व्यास १२ मिलिमीटर. ५० दिवसांत व्यास सुमारे ६.५ मिलिमीटर, वाढ दिसणार नाही.)